टेन्शनर आर्मचं स्केच पूर्ण बांधताना: प्रकल्प नोंदी

३ जून: काम काय आहे

बेल्टला ताण देणारा एक साधा आर्म आहे. पत्र्यातून कापायचा. मोठ्या टोकाला पिव्हटचं १२ मिमीचं भोक, छोट्या टोकाला रोलरच्या पिनसाठी ८ मिमीचं भोक आणि मधल्या भागात लॉकिंग बोल्टसाठी ६ मिमी रुंदीचा सरळ स्लॉट. मोठ्या टोकाची त्रिज्या १४, छोट्याची १०, दोन्ही भोकांच्या केंद्रांतलं अंतर ८० मिमी. रोलर आता जरा लांब बसवायचा आहे म्हणून हे अंतर ९५ करायचं. कागदावर काम एवढंच.

सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरमधली फाइल जुनी आहे, दुसऱ्या कुणीतरी केलेली. स्केच उघडलं, ८० च्या मापावर डबल क्लिक करून ९५ टाकलं, स्केच बंद केलं. मॉडेल नव्या मापाचं झालं, लाल काही दिसलं नाही. त्यावरून एक नमुना लेझरवर कापून आणला. पिव्हट बसला, रोलर बसला, पण लॉकिंग बोल्ट स्लॉटच्या एकाच कडेला घासत होता. मापून पाहिलं तर स्लॉट आर्मच्या मधल्या रेषेवर नव्हताच. तुकडा भंगारात गेला, आणि दुपार कटिंगवाल्याच्या मशीनमध्ये दोष शोधण्यात गेली. दोष मशीनमध्ये नव्हता.

कारण ट्रीमध्येच लिहिलेलं होतं: `(-) Sketch1`. नावाआधीचं हे वजा चिन्ह म्हणजे स्केच अंडर डिफाइन्ड आहे, कुठेतरी अजून मोकळं आहे. स्केच उघडं असताना खालच्या पट्टीतही `Under Defined` दिसतं. ९५ टाकल्यावर छोटं टोक उजवीकडे तर सरकलंच, शिवाय किंचित खालीही गेलं, कारण खाली जाऊ नको असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. स्लॉट तर जागचा हललाच नाही. मापं सगळी पाळली गेली होती. केंद्रांतलं अंतर खरोखर ९५ होतं, फक्त आडवं नव्हतं.

म्हणून ठरवलं की हे स्केच नीट बांधायचं, आणि बांधताना प्रत्येक गाठ कशासाठी ते लिहून ठेवायचं.

४ जून: आधी ओढून पाहणं

फाइलची प्रत केली. नवीन मापं देत सुटण्याआधी जुन्या स्केचमध्ये नेमकं काय सुटं आहे ते पाहायचं होतं.

निळ्या रेषा म्हणजे अजून हलू शकणाऱ्या, काळ्या म्हणजे पक्क्या, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नुसता निळा रंग पाहून काही कळत नाही. एखादी रेषा लांबीने मोकळी असली तरी निळी आणि कोनाने मोकळी असली तरी निळीच. ती कोणत्या दिशेने मोकळी आहे ते फक्त ओढून कळतं. Esc दाबून कुठलंही टूल हातात नाही याची खात्री करायची, निळ्या टोकाला माउसने धरायचं आणि हळूच ओढायचं. जेवढी मोकळीक आहे तेवढंच स्केच हलतं. पाहून झालं की Ctrl+Z. हे विसरलं तर ओढलेली जागाच नवी जागा होऊन बसते.

मोठ्या वर्तुळाचं केंद्र ओढलं तर अख्खा आर्म माउसबरोबर निघाला. म्हणजे स्केच ओरिजिनला बांधलेलंच नव्हतं. बरंच झूम केल्यावर दिसलं की केंद्र आणि ओरिजिन यांच्यात केसभर फट आहे. लांबून पाहताना दोन्ही एकावर एक वाटत होते.

मग मोठं केंद्र तात्पुरतं ओरिजिनवर टेकवलं आणि छोटं केंद्र ओढलं. आता आर्म घड्याळाच्या काट्यासारखा ओरिजिनभोवती फिरू लागला. ८० चं माप कायम, पण दिशा मोकळी. नमुन्याचं छोटं टोक खाली गेलं ते याच मोकळिकीमुळे.

तिसरं, स्लॉट. त्याचं एक टोक ओढलं तर सगळा स्लॉट आर्मच्या आत कुठेही तरंगत होता. रुंदी आणि लांबी दिलेली होती, जागा नव्हती.

या तीन ओढण्यांतून जे कळलं ते रंगावरून कधीच कळलं नसतं. सगळं एकत्र सरकलं तर ओरिजिनशी नातं नाही. सगळं फिरलं तर दिशेचं बंधन नाही. एकच टोक रेषेवरून पुढेमागे घसरलं तर लांबी किंवा टोकाची जागा राहिली आहे. आकार फुगला-आकसला तर त्रिज्या राहिली आहे. आधी हालचाल ओळखायची, मग ती थांबवणारं माप किंवा रिलेशन, म्हणजे दोन गोष्टींतलं भौमितिक नातं, द्यायचं. उलट क्रमाने गेलं की स्केच मापांनी भरतं आणि निळं ते निळंच राहतं.

एक सूचना: रंग सेटिंगमधून बदलता येतात. दुसऱ्याच्या संगणकावर बसलात तर खालच्या पट्टीतल्या शब्दांवर विश्वास ठेवा.

५ जून: बाह्यरेषा नव्याने

जुन्या रेषा दुरुस्त करत बसण्यापेक्षा स्केच नव्याने काढायचं ठरवलं. या निर्णयाची किंमत पुढे मोजावी लागली, ते शेवटच्या नोंदीत आहे.

Front Plane वर स्केच उघडलं. ओरिजिनपासून उजवीकडे आडवी सेंटरलाइन काढली. ओरिजिनवर एक वर्तुळ, सेंटरलाइनवर उजवीकडे दुसरं वर्तुळ, वर आणि खाली दोन्ही वर्तुळांना जोडणाऱ्या दोन रेषा. रेषा आणि वर्तुळ Ctrl धरून निवडायचं आणि टँजंट द्यायचं, असं चारही ठिकाणी. मग `Trim Entities` ने आतले कंस छाटले. उरली ती बाह्यरेषा: दोन कंस, दोन रेषा.

इथे थोडं मोजून घेतलं, आणि हे मोजणं प्रत्येकाने एकदा करून पाहावं. रेषेला दोन टोकं, प्रत्येक टोकाला आडवं आणि उभं स्थान, म्हणजे चार मोकळिकी. कंसाला पाच: केंद्राच्या दोन, त्रिज्येची एक आणि दोन टोकांच्या दोन. दोन कंस आणि दोन रेषा मिळून अठरा. चार सांध्यांवर टोकं एकमेकांना जोडलेली आहेत आणि प्रत्येक सांधा दोन मोकळिकी खातो, म्हणजे आठ गेल्या. चार टँजंटनी प्रत्येकी एक खाल्ली. उरल्या सहा.

या सहा कोणत्या ते आकार पाहिला की कळतं: दोन केंद्रांच्या मिळून चार आणि दोन त्रिज्या. मोठं केंद्र ओरिजिनशी कोइन्सिडंट आहे, त्यात दोन गेल्या. छोटं केंद्र आडव्या सेंटरलाइनवर आहे, एक गेली. उरल्या तीन, म्हणून मापंही तीनच: १४, १०, ९५. चौथ्या मापाला या बाह्यरेषेत जागाच नाही.

`Smart Dimension` घेऊन तीन मापं दिली. पहिलं माप दिलं तेव्हा रंगात फारसा फरक पडला नाही, दुसऱ्यालाही नाही. मोठा कंस ओरिजिनवर पक्का आणि त्रिज्या ठरलेली, तरी त्याची दोन टोकं निळीच होती. टँजंट रेषा कंसाला नेमक्या कुठे टेकतील ते छोट्या टोकावर अवलंबून आहे, आणि छोटं टोक अजून मोकळं होतं. तिसरं माप पडताच बाह्यरेषा एकदम काळी झाली. मधल्या टप्प्यावर बरेच जण घाबरून जादा मापं देऊ लागतात. मोजणी हाताशी असेल तर थांबता येतं.

दोन भोकं म्हणजे दोन वर्तुळं, प्रत्येकाला तीन मोकळिकी. वर्तुळ आपापल्या कंसाशी कॉन्सेंट्रिक केलं की दोन जातात, व्यास दिला की तिसरी. भोकाचं केंद्र ओरिजिनपासून वेगळं मापायचं नाही. रोलरचं भोक कंसाशी बांधलेलं असलं तर ९५ बदलताना आपोआप बरोबर जातं.

आणखी एक गोष्ट आकार काढतानाच सांभाळायची. एका रेषेला दोन वर्तुळांशी टँजंट होण्याच्या दोन तऱ्हा असतात: दोन्ही वर्तुळांच्या एकाच बाजूने, किंवा मधून तिरपी ओलांडून. रिलेशन दोन्हींत तेच, मापंही तीच. सॉफ्टवेअर तुमच्या काढलेल्या आकाराला जवळचं उत्तर धरतं. म्हणून मापं देण्याआधी आकार अंदाजाने खऱ्या मापाच्या जवळ काढावा. फुली डिफाइन्ड म्हणजे काहीच हलत नाही एवढंच. बरोबर उत्तर निवडलं गेलंय की नाही ते आपणच पाहायचं असतं.

६ जून: सगळं काळं, तरी `Under Defined`

बाह्यरेषा काळी, भोकं काळी. खालच्या पट्टीत मात्र अजून `Under Defined`, आणि ट्रीमध्ये वजा चिन्ह कायम.

निळं काहीच दिसेना. त्रिज्या तपासल्या, कॉन्सेंट्रिक तपासले, लपलेला एखादा कंस राहिलाय का ते पाहिलं. तास-दीड तास असाच गेला. छाटणीनंतर एखादा इवलासा तुकडा मागे राहतो आणि तोही स्केच निळं ठेवतो, म्हणून त्याचीही शोधाशोध झाली. सापडलं ते वेगळंच: सेंटरलाइनचं उजवं टोक. सेंटरलाइन छोट्या वर्तुळाच्या पुढे थोडी बाहेर काढलेली होती आणि तिची लांबी कुणीच ठरवली नव्हती. ठिपक्यांच्या बारीक रेषेच्या टोकाचा निळा बिंदू आर्मच्या बाहेर होता, आणि नजर आर्मवरून हटत नव्हती.

सॉलिडवर्क्स बांधकामाच्या रेषेत आणि खऱ्या रेषेत या बाबतीत भेद करत नाही. तिच्यातून काही कापलं जाणार नसलं तरी तिची मोकळीक मोजली जाते. `Under Defined` आणि काळी बाह्यरेषा एकत्र दिसली तर सगळ्यात आधी सेंटरलाइनची टोकं पाहावीत.

उपाय दोन. एक, तिला लांबीचं माप द्यायचं. चालतं, पण ते माप कुठल्याच कामाचं नाही आणि उद्या कुणी आर्म लांब केला तर सेंटरलाइन तोकडी पडेल. दुसरा, तिचं टोक छोट्या केंद्रालाच जोडायचं. मी दुसरा घेतला. छोट्या केंद्राचं सेंटरलाइनवरचं कोइन्सिडंट काढलं, सेंटरलाइनचं टोक ओढून केंद्रावर सोडलं. टोक आणि केंद्र एक झाले, वजा चिन्ह गेलं. आता सेंटरलाइन म्हणजे खरोखर आर्मची लांबी आहे.

७ जून: स्लॉट, आणि काळं असूनही चुकीचं

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच.

`Straight Slot` टूलने स्लॉट तीन क्लिकमध्ये येतो: पहिलं केंद्र, दुसरं केंद्र, रुंदी. त्याच्या मोकळिकी पाच: दोन केंद्रांच्या चार आणि रुंदीची एक. पहिला क्लिक सेंटरलाइनवर केला, दुसरा त्याच रेषेवर उजवीकडे, तिसरा वर. मग मापं: रुंदी ६, केंद्र ते केंद्र ३०, आणि ओरिजिनपासून पहिल्या केंद्रापर्यंत २५. लॉकिंग बोल्टची जागा पिव्हटपासून ठरते, रोलरपासून नाही, म्हणून २५ चं माप पिव्हटकडून घेतलं.

सगळं काळं. `Fully Defined`. इथेच थांबलो असतो तरी नमुना बरोबर कापला गेला असता.

पण याच आर्मचा १५ अंश वाकडा बसणारा एक प्रकार पुढे लागणार आहे, म्हणून सेंटरलाइनचं हॉरिझाँटल काढलं आणि `Top Plane` पासून १५ अंशांचं कोन-माप दिलं. आर्म फिरला, भोकं बरोबर गेली. स्लॉटचं पहिलं टोक मधल्या रेषेवरच राहिलं, पण स्लॉट स्वतः आडवाच राहिला, आर्ममध्ये तिरका. आणि पट्टीत तेव्हाही `Fully Defined` होतं.

`View > Hide/Show > Sketch Relations` चालू केलं तर रिलेशनची छोटी हिरवी चिन्हं दिसू लागली. स्लॉटच्या पहिल्या केंद्रावर कोइन्सिडंट होतं. दुसऱ्या केंद्रावर नव्हतं. त्याऐवजी स्लॉटच्या मधल्या रेषेवर हॉरिझाँटल होतं. दुसरा क्लिक करताना कर्सरजवळ दिसलेलं चिन्ह आडवेपणाचं होतं, सेंटरलाइनवर असण्याचं नव्हतं. सेंटरलाइन आडवी असेपर्यंत या दोन्हींचा परिणाम एकच असतो. दोन्ही एकच मोकळीक खातात, म्हणून मोजणीलाही फरक कळत नाही. रेषा फिरली की मग कळतं.

हॉरिझाँटलच्या हिरव्या चिन्हावर क्लिक करून Delete केलं, दुसरं केंद्र आणि सेंटरलाइन निवडून कोइन्सिडंट दिलं. पुन्हा १५ अंश: स्लॉट आर्मबरोबर फिरला.

जुन्या फाइलमधला स्लॉट का सुटला होता तेही यातून उमजलं. स्केच काढताना दुसऱ्या बिंदूच्या सरळ रेषेत आलं की निळी तुटक रेषा उमटते. ती फक्त दिशा दाखवते. तिथे क्लिक केलं तर बिंदू रांगेत बसतो, पण रिलेशन लागत नाही. कर्सरला चिकटून पिवळं चिन्ह आलं असेल तरच रिलेशन लागतं. जुना स्लॉट निळ्या तुटक रेषेवर भरवसा ठेवून काढलेला असावा. रांगेत होता, बांधलेला नव्हता.

म्हणून माझ्या मते काळा रंग ही निम्मीच खातरजमा आहे. काय हलत नाही ते तो सांगतो. बदल केल्यावर योग्य गोष्ट योग्य गोष्टीबरोबर जाईल का, हे माप बदलून पाहिल्याशिवाय कळत नाही.

८ जून: दोन जवळचे रस्ते, दोन्ही तपासून सोडले

स्केच निळं असलं की बहुतेकांना दोन उपाय सुचवले जातात. दोन्ही प्रतीवर करून पाहिले, म्हणजे नेमकं काय होतं ते सांगता येईल.

पहिला, फिक्स. जुन्या स्केचमधलं सगळं निवडून फिक्स दिलं. आकार जवळपास पूर्ण काळा झाला. मग ८० चं ९५ करायला गेलो तर स्केच पिवळं-लाल झालं, कारण केंद्रं जागेवर खिळलेली आणि मापाने त्यांना लांब जायला सांगितलेलं. फिक्स म्हणजे आहे त्या जागी खिळा. आर्म नेमका किती लांब असावा याबद्दल ते काहीच सांगत नाही. शिवाय एकट्या रेषेला फिक्स दिलं तर तिची दिशा आणि जागा पक्की होते, पण टोकं त्याच रेषेवरून पुढेमागे घसरू शकतात. कंसाचंही तसंच, टोकं त्याच वर्तुळावरून सरकतात. म्हणून फिक्स देऊनही स्केच कधीकधी निळं राहतं आणि माणूस गोंधळतो. बाहेरून आलेलं चित्र, ज्यावर आपल्याला काहीच बदलायचं नाही, तिथे फिक्स ठीक आहे. बदलणाऱ्या भागात नको.

दुसरा, `Tools > Dimensions > Fully Define Sketch`. हे टूल उरलेल्या मोकळिकी शोधून स्वतःच रिलेशन आणि मापं लावतं. जुन्या स्केचवर चालवलं तर स्लॉटला ओरिजिनपासून आडवी आणि उभी मापं मिळाली, दशांशात लांबलेली. मधल्या रेषेपासून स्लॉट किंचित सुटलेला होता, तो दोषही टूलने इमानेइतबारे मापून पक्का केला. त्याला काय कळणार की स्लॉट मधल्या रेषेवर हवा होता.

पण शोधायला हे टूल फार कामाचं आहे. `Calculate` दाबायचं, मापं कुठे उमटतात ते पाहायचं, आणि OK न करता बाहेर पडायचं. जिथे माप उमटलं तिथे मोकळीक होती. ६ जूनला हे आधी केलं असतं तर सेंटरलाइनच्या टोकाशी माप लगेच उमटलं असतं. तिथे काय द्यायचं ते मग आपण ठरवायचं.

९ जून: एक माप जास्त

कटिंगवाल्याला आर्मची एकूण लांबी हवी असते. ९५ अधिक १४ अधिक १०, म्हणजे ११९. ती स्केचमध्येच दाखवावी म्हणून `Smart Dimension` घेऊन Shift धरून दोन्ही कंसांच्या बाहेरच्या कडा निवडल्या. Shift न धरता कंस निवडले तर माप केंद्रापासून घेतलं जातं आणि पुन्हा ९५ च येतं.

माप ठेवताच प्रश्न आला: `Make this dimension driven` की `Leave this dimension driving`. ५ जूनच्या मोजणीनुसार बाह्यरेषेत चौथ्या मापाला जागा नाही, म्हणजे हा प्रश्न येणारच होता. पहिला पर्याय घेतला. माप राखाडी झालं: फक्त वाचायचं, त्यावरून काही चालत नाही. ९५ बदललं की ते स्वतः बदलतं.

दुसरा पर्याय काय करतो तेही पाहून ठेवलं. स्केचचा बराचसा भाग पिवळा झाला आणि पट्टीत `Over Defined` आलं. पिवळं झालेलं सगळंच चुकीचं नसतं. एकमेकांशी भांडणाऱ्या सगळ्या गोष्टी पिवळ्या होतात, त्यातली एक जास्तीची असते. पट्टीतल्या त्या शब्दांवर क्लिक केलं की `SketchXpert` उघडतो आणि `Diagnose` दाबल्यावर कोणकोणतं बंधन काढून स्केच सुटेल ते एकेक पर्यायाने दाखवतो. त्याने सुचवलेला पहिला पर्याय १४ ची त्रिज्या काढण्याचा होता. गणित त्यानेही सुटतं, पण आर्मला ते नको होतं. असे पर्याय पाहावेत आणि शेवटी जास्तीचं कोण ते स्वतः ठरवावं. इथे जास्तीची एकूण लांबीच होती.

१० जून: बदलून पाहणं, आणि नव्याने काढण्याची किंमत

शेवटची तपासणी मापं हलवून केली. ९५ चं ११० केलं, परत ८०, परत ९५. रोलरचं भोक आणि टँजंट रेषा बरोबर गेल्या, स्लॉट पिव्हटपासून २५ वरच राहिला, एकूण लांबी स्वतः बदलली. छोटी त्रिज्या १० ची १३ केली, रेषा उलटल्या नाहीत. कोन १५ करून पाहिला आणि मग ते माप काढून सेंटरलाइनला पुन्हा हॉरिझाँटल दिलं. सरळ आर्मसाठी शून्य अंशाचं कोन-माप मी ठेवत नाही. शून्याजवळ वर आणि खाली या दोन बाजूंत गोंधळ होऊ शकतो, आणि हॉरिझाँटल तेच काम निःशंकपणे करतं.

`Tools > Options > System Options > Sketch` मध्ये `Use fully defined sketches` आहे, ते चालू केलं. यापुढे पूर्ण न बांधलेल्या स्केचवरून फीचर करू जाल तर सॉफ्टवेअर अडवतं. रोजच्या कामात, विशेषतः अजून आकार ठरवायचा असताना, हे जाचक वाटतं. पण कटिंगला जाणाऱ्या भागांसाठी ते चालू असलेलंच बरं.

नमुना पुन्हा कापला. बोल्ट स्लॉटमध्ये मधोमध बसला.

मग असेंब्ली उघडली, आणि नव्याने काढण्याची किंमत समोर आली. आर्मला दुसऱ्या भागांशी जोडणारी बंधनं, म्हणजे मेट, त्यातले बरेच तुटले होते. जुन्या स्केचच्या रेषा काढून टाकल्या तेव्हा त्यांच्यापासून तयार झालेल्या कडा आणि पृष्ठभागही गेले. नवे अगदी त्याच जागी असले तरी सॉलिडवर्क्सच्या लेखी ते दुसरे. कडेचे फिलेटही पुन्हा कडा निवडून द्यावे लागले. ज्या भागावर पुढे फीचर, ड्रॉइंग आणि असेंब्ली उभी आहे तिथे रेषा काढून टाकू नयेत. आहेत त्याच रेषा ठेवून चुकीची रिलेशन तेवढी काढावीत आणि योग्य ती द्यावीत. `Display/Delete Relations` मध्ये सगळ्या रिलेशनची यादी मिळते आणि यादीतलं रिलेशन निवडलं की संबंधित रेषा उठून दिसते. जुन्या आर्मला तीनच गोष्टी लागल्या असत्या: केंद्र ओरिजिनवर, दोन केंद्रांत हॉरिझाँटल, आणि स्लॉटची दोन्ही केंद्रं मधल्या रेषेवर, २५ च्या मापासह. एवढ्यावर मेट शाबूत राहिले असते.

डाव्या बाजूच्या आर्मची फाइलही अशीच `(-)` दाखवते आहे. ती नव्याने काढणार नाही, त्याच रेषांवर हे बदल करणार.